चार वर्षांत दामदुप्पट म्हणजे द.सा.द.शे. किती?

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले माहितीपत्रक मिळाले. केळीचे आलेले दोन लाख रुपये या योजनेत ठेवावेत का, असे तुम्हा मायलेकांचे विचारणे आहे. पत्रकावर ‘चार वर्षांत दामदुप्पट, हमखास’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, पण व्याजाचा दर मागेपुढे कुठेही नाही. बँकेत माझी नोकरी कर्ज विभागात गेली, त्यामुळे असा कागद हाती आला की मी आधी दर काढतो आणि मगच बाकीचे वाचतो.

तुझ्या आत्याच्या यजमानांनी दर 25 टक्के सांगितला, तो 100 ला 4 ने भागून. दर वर्षी लाखामागे 25,000 रुपये तुमच्या हातात पडले असते, तर हा हिशेब बरोबर होता. इथे मात्र रक्कम चार वर्षे त्यांच्याकडेच राहणार आहे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या व्याजावर दुसऱ्या वर्षी व्याज चढणार. तेव्हा असा आकडा हवा की ज्याने मुद्दल चार वेळा गुणल्यावर दुप्पट होईल. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 2 टाकून वर्गमुळाचे बटण दोनदा दाब, 1.1892 येईल. म्हणजे दर 18.92 टक्के. ताळा करून पाहा: एका लाखाचे वर्षाअखेर 1,18,920, मग सुमारे 1,41,420, तिसऱ्या वर्षी 1,68,180 आणि चौथ्या वर्षी दोन लाख. कॅल्क्युलेटर जवळ नसेल तर 72 ला वर्षांनी भागावे. इथे 18 येतात. दर आठ टक्क्यांच्या आसपास असताना ही युक्ती जवळजवळ अचूक बसते, दर जसा वाढत जातो तशी ती थोडे कमी दाखवू लागते. दराचा अंदाज घेण्यापुरते तेवढे पुरते.

आता या 18.92 टक्क्यांचे वजन बघ. पोस्टाच्या किसान विकास पत्राला एप्रिल 2023 मध्ये 7.5 टक्के दर ठरला आणि रक्कम दुप्पट व्हायला 115 महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडा अधिक काळ लागू लागला. तुझे आजोबा म्हणतील की आमच्या वेळी हेच पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. ते खरे आहे. 1988 साली ते तसेच सुरू झाले होते. पण त्याचाही दर काढला तर साडेतेरा टक्क्यांच्या आतच येतो, तोही महागाई आणि बँकांचे दर दोन्ही चढे असलेल्या काळात आणि सरकारच्या हमीवर. या पत्रकातला दर त्याच्याही पाच टक्के वर आहे.

कायद्याची मर्यादा तर याहून खाली आहे. रिझर्व्ह बँकेची परवानगी घेऊन ठेवी स्वीकारणाऱ्या वित्त कंपन्यांना ठेवीवर वर्षाला 12.5 टक्क्यांहून जास्त व्याज देता येत नाही आणि इतर कंपन्यांनी घेतलेल्या ठेवींनाही हीच कमाल मर्यादा लागू आहे. या कमाल दराने, दर वर्षी व्याज मुद्दलात मिळवत गेले, तरी चार वर्षांत लाखाचे 1,60,000 च्या आसपास होतात. दुप्पट व्हायला सहा वर्षांना महिनाभर कमी एवढा काळ लागतो. बहुधा म्हणूनच पत्रकात ‘ठेव’ हा शब्द नाही, ‘प्लॉट बुकिंगची आगाऊ रक्कम’ असे आहे. प्लॉट कोणत्या गावी, कोणत्या गट क्रमांकात, हे मात्र लिहायचे राहून गेले आहे!

तरी एवढ्यावर मी त्यांना खोटे म्हणणार नाही. वर्षाला 19 टक्के कमावणारे धंदे जगात आहेत. प्रश्न असा की हे लोक ते कशातून कमावणार. समजा, तुमच्या लाखातले सहा हजार एजंटाचे कमिशन आणि ऑफिसचे भाडे यांत गेले. उरलेल्या 94,000 चे चार वर्षांत दोन लाख करायचे तर वर्षाला 20.8 टक्के निव्वळ मिळकत हवी. कर्जे वाटून ती मिळवायची म्हटली, तर थकबाकी धरून कर्जदाराकडून 24-25 टक्के घ्यावे लागतील, आणि एवढ्या व्याजाने कर्ज तोच घेतो ज्याला बँकेने दारातून परत पाठवलेले असते. शेअर बाजार म्हणशील, तर सेन्सेक्स 1979 मध्ये 100 धरला होता, तो मार्च 2024 अखेर सुमारे 73,650 झाला. पंचेचाळीस वर्षांची ही वाढ लाभांश सोडून वर्षाला 16 टक्क्यांच्या थोडी आत बसते आणि त्याच प्रवासात 2008 या एका वर्षात तो निम्म्याहून अधिक घसरला होता. म्हणजे जो परतावा बाजाराने कोणतीही हमी न देता इतक्या वर्षांत दिला, त्याहून जास्त परतावा हे गृहस्थ हमखास म्हणून देत आहेत. माझा अविश्वास आकड्यापेक्षा त्या ‘हमखास’वर अधिक आहे.

आत्याच्या यजमानांच्या मित्राला मुदतीवर पूर्ण पैसे मिळाले, हे तू लिहिलेस आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण पैसे मिळाले याचा अर्थ योजनेने ते कमावले असा होत नाही. शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख दिले असे धर. खर्च जाऊन 94 लाख राहिले आणि ते सात टक्क्यांनी प्रामाणिकपणे गुंतवले, तर चार वर्षांनी 1 कोटी 23 लाख होतात. देणे दोन कोटींचे असते. तुटीचे 77 लाख नव्या लोकांकडून आणावे लागतात. कमिशन सोडून दिले तरी 77 माणसे हवीत, आणि त्यांचे पैसे आले त्याच दिवशी जुन्यांना वाटून संपतात. पुढच्या चार वर्षांनी या 77 जणांचे 1 कोटी 54 लाख देणे उभे राहते आणि त्यामागे एक रुपयाही गुंतवलेला नसतो. मित्र पहिल्या शंभरांतला असावा. तुम्ही कितव्या फेरीतले, हे कोणी सांगणार नाही, कारण पैसे घेणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

बिघाड सुरू झाला की तो कसा दिसतो, तेही सांगतो. मुदत संपल्यावर ‘रक्कम काढू नका, पुन्हा गुंतवा, एक टक्का जास्त देतो’ असा आग्रह होतो. मग चेकच्या तारखा पुढे ढकलल्या जातात. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींपायी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या किती घरांनी हे पाहिले आहे, हे आक्काला विचार.

कंपनीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवतील. त्याने कंपनी अस्तित्वात आहे एवढेच कळते. लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना वेगळा असतो. परवान्याविना अशा ठेवी घेणे हा 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर संस्थेचे नाव शोध, तक्रारही तिथेच नोंदवता येते.

नातलगांना तोंडावर नाही म्हणणे जड जाते, हे मी समजतो. त्यांच्याकडे संस्थेचा मागील दोन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद माग आणि मामाला दाखवून सांगतो, असे माझे नाव पुढे कर. ताळेबंद आला तर झेरॉक्स पाठव. त्यात उत्पन्नाच्या बाजूला व्याज किंवा विक्री किती आणि देण्याच्या बाजूला आगाऊ रकमा किती, हे दोनच आकडे मी आधी पाहीन. तोवर पैसे बँकेच्या खात्यातच राहू देत.

तुझा,
मामा