बाळंतिणीने दूध यावं म्हणून काय खावं, आणि बाळासाठी काय सोडावं?

"मुलगी सव्वा महिन्याची आहे. रोज संध्याकाळी खूप रडते. सासूबाईंनी तूरडाळ, कोबी, बटाटा सगळं बंद केलंय. दूधही कमी पडतंय असं वाटतं. मी खायचं तरी काय?"

आधी दूध खरंच कमी पडतंय का ते बघा. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळचं रडणं दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. याच सुमाराला छाती पूर्वीसारखी ताठत नाही, म्हणून दूध आटलं असं वाटतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. त्यामुळे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हा पहिला उपाय, आळीव-शतावरी त्यानंतर.

आता बंद केलेल्या पदार्थांबद्दल. डाळीने, कोबीने वायू होतो तो तुमच्या आतड्यात, तो दुधात उतरत नाही. दुधात उतरतात ते पदार्थांचे वास-चवी, चहा-कॉफीतलं कॅफिन आणि काही प्रथिनांचे अंश. बाळाला त्रास झालाच तर बहुतेक वेळा या प्रथिनांनी होतो, आणि त्यात सगळ्यात वर नाव असतं गाई-म्हशीच्या दुधाचं.

हे मी माझ्या धाकट्यावर शिकले. आम्ही ऐरोलीला राहतो. "दूध प्यायल्याशिवाय दूध कसं येणार" म्हणून आई मला रोज तीन मोठे पेले दूध द्यायची, वर खीर आणि पनीर. डाळ आणि पालेभाजी मात्र बंद. पाचव्या आठवड्यात लंगोटात शेंबडासारखी बुळबुळीत शी दिसू लागली, आणि एका सकाळी तिच्यात लाल धाग्यासारख्या दोन रेघा. मी तो लंगोट तसाच पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी बाळाला तपासलं, वजन नीट वाढतंय हे पाहिलं आणि सांगितलं, अंगावरचं पाजणं अजिबात थांबवू नका, फक्त तुमच्या जेवणातून दूध, दही, ताक, पनीर, खवा दोन आठवडे काढा. बिस्किटाच्या पुड्यावर दूध पावडर लिहिलीय का तेही वाचायचं. चौथ्या दिवशी रेघा गेल्या, दहाव्या दिवसापर्यंत बुळबुळीतपणा गेला. मग त्यांच्याच सांगण्यावरून मी एक वाटी दही खाल्लं आणि दोन दिवसांत शेंबूड परत दिसला. एवढं झाल्यावरच दूध दीर्घकाळ सोडायचं ठरलं. डाळ, कोबी, बटाटा मी त्याच आठवड्यात परत सुरू केले, त्यांनी काहीच झालं नाही. मुलगा वर्षाचा झाल्यावर त्याला दूध हळूहळू सोसू लागलं.

म्हणून एका वेळी एकच पदार्थ काढा, तोही काही खूण दिसली तर: शीमध्ये रक्त किंवा शेंबूड, अंगावर खरखरीत चट्टे, सारखी उलटी. नुसतं संध्याकाळचं रडणं ही खूण धरू नका. रक्त दिसलं तर आधी डॉक्टर, मग पथ्य. हिरवी उलटी, ताप किंवा पिणं मंदावणं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

खायचं काय, तर नेहमीपेक्षा रोज पाच-सहाशे कॅलरी जास्त, म्हणजे एक लहानसं जेवण वाढीव. माझी सकाळ आळिवाच्या खिरीने व्हायची. दोन चमचे आळीव वाटीभर नारळपाण्यात दोन तास भिजवायचे. दाणे फुगून बुळबुळीत झाले की नारळाच्या दुधात, गुळासोबत मंद आचेवर शिजवायचे. आळीव, शेपू, मेथी यांनी दूध वाढतं याचा पक्का पुरावा नाही, पण आळिवात लोह भरपूर असतं आणि बाळंतपणात रक्त गेलेलं असतं. दुपारी वरणभात, पालेभाजी, नाचणीची किंवा बाजरीची भाकरी, वर तिळाची चटणी. संध्याकाळी एक डिंकाचा लाडू, रात्री कुळथाचं पिठलं, जमल्यास अंडं किंवा मासे. दूध सोडलं असेल तर नाचणी आणि तीळ रोज हवेत, पण बाळंतिणीची कॅल्शियमची गरज 1200 मिलिग्रॅम असते, ती तेवढ्याने भरत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. चहा दोन कपांवर ठेवा आणि पाजायला बसताना पाण्याचा तांब्या हाताशी असू द्या.

सासूबाईंचं मन वळवायचं असेल तर आज डाळ खा आणि पुढचे दोन दिवस लंगोट त्यांनाच बघू द्या. आमच्या घरी आईला तसंच पटलं.