सिक्युरिटी ग्रुपमधून परतीचं उत्तर जातं, मग नेटवर्क एसीएल ते का अडवतं?

प्रश्न: एडब्ल्यूएसवर माझा एक लिनक्स वेब सर्व्हर आहे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त इनबाउंड ४४३ ठेवलं आणि आउटबाउंडचे सगळे नियम काढून टाकले, तरी साइट उघडते. पण सबनेटला नवीन नेटवर्क एसीएल लावून इनबाउंड ४४३ आणि आउटबाउंड ४४३ दोन्ही दिलं, तर ब्राउझर नुसता फिरत राहतो. असं का?

उत्तर: सिक्युरिटी ग्रुप कनेक्शन लक्षात ठेवतो. एसीएल काहीही लक्षात ठेवत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक पॅकेट नवं असतं. एवढं तुम्ही बहुतेक वाचलं असेल. पण तुमचा आउटबाउंड ४४३ चा नियम निरुपयोगी का ठरला, हे समजायला एका पॅकेटच्या मागे मागे जावं लागेल.

समजा ग्राहकाचा पत्ता 203.0.113.12 आहे आणि तुमच्या सर्व्हरचा 10.0.1.20. ब्राउझर कनेक्शन सुरू करतो तेव्हा त्याच्या बाजूलाही एक पोर्ट लागतो. तो ऑपरेटिंग सिस्टीम तात्पुरता निवडून देते. समजा तो ४९७६१ निघाला. म्हणजे पहिलं सिन पॅकेट ४९७६१ वरून निघून ४४३ कडे येतं. ते आधी सबनेटच्या एसीएलपाशी पोचतं. तिथे इनबाउंड ४४३ चा नियम आहे, पॅकेट आत. मग सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसला लावलेला सिक्युरिटी ग्रुप. तिथेही ४४३ उघडं आहे, पॅकेट आत. आणि याच क्षणी सिक्युरिटी ग्रुप प्रोटोकॉल, दोन पत्ते आणि दोन पोर्ट अशी नोंद करून ठेवतो.

आता सर्व्हर सिन-अ‍ॅक पाठवतो. हे पॅकेट ४४३ वरून निघतं आणि ४९७६१ कडे जातं. सिक्युरिटी ग्रुप नोंद बघतो, हे त्याच कनेक्शनचं उत्तर आहे हे त्याला कळतं, आणि आउटबाउंड नियमांकडे न बघता तो ते सोडतो. म्हणून नियम काढूनही तुमची साइट उघडत होती. पुढे एसीएल. त्याच्याकडे नोंदच नाही. तो आउटबाउंडचे नियम क्रमांकाने लहानाकडून मोठ्याकडे तपासत जातो आणि पहिला जुळणारा नियम लागू करतो. एसीएलच्या नियमातला पोर्ट म्हणजे पॅकेट जिथे चाललंय तो पोर्ट, जिथून निघालं तो नव्हे. तुमचा नियम म्हणतो, "४४३ कडे जाणारं सोडा." हे पॅकेट चाललंय ४९७६१ कडे. जुळलं नाही. मग शेवटचा `*` नियम, तो सगळं अडवतो. उत्तर तिथेच संपतं.

आउटबाउंड ४४३ चा तो नियम कामाला येतो तुमचा सर्व्हर स्वतः बाहेरच्या एखाद्या साइटला फोन लावतो तेव्हा. आलेल्या पाहुण्यांना उत्तर द्यायला त्याचा काही उपयोग नाही.

हे नुसतं मानू नका, स्वतः बघा. सर्व्हरवर `sudo tcpdump -ni any port 443` चालवा आणि बाहेरून साइट उघडा. आत येणारं `[S]` दिसेल, त्याला दिलेलं `[S.]` दिसेल, आणि मग तीच जोडी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा दिसत राहील. सर्व्हर उत्तर देतोय, पण एसीएल मशीनच्या बाहेर असल्यामुळे ते कुठे पडलं हे त्याला कळत नाही. सिक्युरिटी ग्रुपच आड आला असता तर `[S]` सुद्धा दिसलं नसतं. ही एक खूण मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते.

दुसरी खूण व्हीपीसी फ्लो लॉगमध्ये मिळते. शेवटचे रकाने बघा (इथे फक्त पत्ते, पोर्ट, प्रोटोकॉल आणि निकाल ठेवले आहेत):

```
203.0.113.12 10.0.1.20 49761 443 6 ACCEPT
10.0.1.20 203.0.113.12 443 49761 6 REJECT
```

लॉग कुणी अडवलं ते सांगत नाही. पण एकाच कनेक्शनचं येणं `ACCEPT` आणि जाणं `REJECT` असेल, तर सिक्युरिटी ग्रुप तसं करूच शकत नाही. दोष एसीएलचा.

उपाय म्हणजे आउटबाउंडला तात्पुरते पोर्ट उघडणं:

```
aws ec2 create-network-acl-entry \
  --network-acl-id acl-xxxxxxxx --egress \
  --rule-number 110 --protocol tcp \
  --port-range From=1024,To=65535 \
  --cidr-block 0.0.0.0/0 --rule-action allow
```

इतकी मोठी रेंज का, असं वाटेल. कारण समोरचा ग्राहक कोणता पोर्ट निवडेल हे तुमच्या हातात नाही. आजच्या लिनक्सवर साधारण ३२७६८ ते ६०९९९, आजच्या विंडोजवर ४९१५२ ते ६५५३५, आणि नॅट गेटवे तर १०२४ ते ६५५३५ मधला कुठलाही वापरतो. वेब सर्व्हरकडे सगळ्या प्रकारचे ग्राहक येतात, म्हणून १०२४ पासून.

उलट दिशेचा विचारही करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी `dnf update` अडकेल. तेव्हा कनेक्शन तुमचा सर्व्हर सुरू करतो, म्हणून तात्पुरता पोर्ट त्याचा असतो आणि इनबाउंडला उघडावा लागतो. इथे मात्र रेंज तुम्हाला ठाऊक असते. `cat /proc/sys/net/ipv4/ip_local_port_range` जे दाखवेल तेवढीच द्या. हट्टाने १०२४ पासून दिलीत, तर एसीएलच्या पातळीवर ३३०६ वरचा डेटाबेसही उघडा पडतो आणि सगळी भिस्त सिक्युरिटी ग्रुपवर येते. त्याच सबनेटमध्ये नॅट गेटवे असेल तर मोठ्या रेंजला इलाज नाही. मग ३३०६ अडवणारा नियम तिच्याआधी, लहान क्रमांकाने लावा.

आता साहजिक प्रश्न: एवढा त्रास असेल तर एसीएल कशाला? माझं मत स्पष्ट आहे. रोजची परवानगी सिक्युरिटी ग्रुपमध्येच सांभाळा आणि एसीएल सगळं सोडणारं, म्हणजे डिफॉल्ट असतं तसंच राहू द्या. पण सिक्युरिटी ग्रुपला "हा पत्ता नको" असं सांगता येत नाही, त्यात फक्त परवानगीचे नियम असतात. शिवाय त्यातला नियम काढला तरी नोंद झालेलं चालू कनेक्शन सहसा तसंच चालू राहतं. एखादा पत्ता तुमच्या सर्व्हरवर तुटून पडला असेल, तर एसीएलमध्ये लहान क्रमांकाचा नकाराचा नियम टाका. त्याला आठवण नसल्यामुळे आधीपासून जोडलेल्या कनेक्शनची पुढची पॅकेटंही तो अडवतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. एकाच सबनेटमधल्या दोन मशीनमधली वाहतूक एसीएलपर्यंत पोचतच नाही. वेब सर्व्हर आणि डेटाबेस एका सबनेटमध्ये असतील, तर त्यांच्यामध्ये उभा राहतो तो फक्त सिक्युरिटी ग्रुप.