"ती एवढीही काळी नाही" ही ओळ आधी खोड

मावशी, माझी मुलगी चौथीत आहे, सीबीएसई शाळा, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. स्कूलबसमधे मुलं तिला 'कल्लो', 'कोयला' म्हणतात आणि पीटीचे सरसुद्धा 'ए कल्लो, लाइन में' अशी हाक मारतात. परवा ती न्हाणीत वज्रीने हात घासत बसलेली दिसली, कोपर लाल झालं होतं. सासूबाई दर रविवारी हळद-डाळीचं पीठ लावतात पण फरक नाही. प्रिन्सिपल मॅडमना पत्र लिहिलंय, 'माझी मुलगी एवढीही काळी नाही, अभ्यासात हुशार आहे, कृपया मुलांना समज द्यावी.' हे म्हणतात, पत्र दिलं तर शाळा तिच्यावरच राग काढेल. देऊ का?
– एक आई

अगं, दे. पण हे नको, दुसरं लिहू आपण. आणि त्याआधी ती वज्री काहीही न बोलता न्हाणीतून उचलून ठेव, कोपराची सालं निघाली असतील तर डॉक्टरला दाखव.

आता तुझं पत्र. पहिलीच ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं. 'एवढीही काळी नाही' म्हणजे थोडी जास्त काळी असती तर मुलांचं बरोबर होतं का? तुझ्या मनात तसं नाही हे मला कळतं गं, पण मॅडम वाचतील तेव्हा त्यांच्यासमोर विषय तुझ्या लेकीच्या रंगाचा येईल, मुलांच्या वागण्याचा येणारच नाही. हुशारीचंही तेच, नापास होणाऱ्या पोरीलाही कोणी कोयला म्हणू नये. तेव्हा तिचा रंग, मार्क, स्वभाव सगळं बाहेर काढ आणि फक्त कोण काय बोललं, कुठे, कधी, एवढंच ठेव. 'समज द्यावी' यातही एक गोची आहे, शाळा ते ऐकते आणि सोमवारी असेंब्लीत 'किसी के रंग का मज़ाक नहीं उड़ाना' असं भाषण होतं आणि चारशे पोरं मान वळवून तुझ्याच लेकीकडे बघतात, मग बसमधे नवीन चिडवणं सुरू, 'कंप्लेंट वाली'. मी हे माझ्या भाचीच्या वेळी बघितलंय, महिनाभर ती शाळेत जायला रडत होती.

म्हणून आधी चार-पाच दिवस माहिती गोळा कर. 'आज कोणी चिडवलं का' असं रोज विचारलंस तर ती 'नाही' म्हणून मोकळी होईल, आईला वाईट वाटू नये म्हणून मुलं असं करतात. त्याऐवजी दप्तर आवरताना विचार, बसमधे आज कोण कुठे बसलं होतं, पीटीत काय खेळलात. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, हिंदीत असेल तर हिंदीतच, तारीख घालून एका वहीत लिही. 'कल्लो' चं सभ्य भाषांतर करू नकोस, खरा शब्द कागदावर दिसला की वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

मग पत्र. मॅडमना मराठी येत नसेल तर हिंदीत उतरव, पण साचा साधारण असा ठेव:

"माझी मुलगी इयत्ता चौथीत आहे. अमुक तारखांना स्कूलबसमधे मागच्या सीटवरच्या मुलांनी तिला 'कल्लो' आणि 'कोयला' म्हटलं, तेव्हा बसमधली मावशी हजर होती. अमुक तारखेला पीटीच्या तासाला सरांनी वर्गासमोर 'ए कल्लो, लाइन में' अशी हाक मारली. त्यानंतर ती घरी कातडी घासते आहे, कोपराला इजा झाली आहे. माझी विनंती आहे की सरांनी तिला नावानेच हाक मारावी, बसमधे तिला पुढच्या सीटवर बसवण्याऐवजी चिडवणाऱ्या मुलांची जागा बदलावी, आणि काही झालं तर तिने थेट कोणत्या टीचरकडे जायचं ते तिला सांगावं. असेंब्लीत तिचा उल्लेख किंवा तिच्याकडे इशारा होऊ नये, आणि मुलांना सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नये. दहा दिवसांनी मी भेटायला येईन, तेव्हा काय केलं ते सांगावं."

सीटचं मी मुद्दाम घातलंय. शाळा सोपं म्हणून तुझ्याच लेकीला ड्रायव्हरच्या मागे बसवते, मैत्रिणी मागे राहतात आणि तिला वाटतं शिक्षा मला झाली. बाकी मुलांची नावं पत्रात नको, भेटीत तोंडी सांग, ती पण नऊ-दहा वर्षांचीच आहेत आणि हा शब्द कुठल्या तरी मोठ्या माणसाकडूनच शिकली आहेत.

सरांचा मुद्दा मात्र सौम्य करू नकोस. सर म्हणतील 'प्यार से बोलता हूँ', आणि कदाचित खरंच प्रेमानेच म्हणत असतील, पण सरांच्या तोंडून तो शब्द आला की मुलांना परवाना मिळतो. म्हणून आधी सरांची हाक थांबायला हवी, नाहीतर बसमधलं कितीही थांबवा, परत उगवेल. आणि कायदाही आहे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मधे शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. शिवाय सीबीएसईने 2015 मधे शाळांना बुलिंग रोखायला समिती नेमायला सांगितलंय. पहिल्या पत्रात हे लिहू नकोस, धमकी वाटते. भेटीत मॅडम टोलवायला लागल्या तर शांतपणे विचार, 'मॅडम, एंटी-बुलिंग कमेटी में कौन-कौन हैं?'

तुझ्या अहोंची भीती अगदी पोकळ नाही, पण राग काढला जातो तो तोंडी तक्रारीवर, जिचा कागद नसतो. त्यामुळे क्लास टीचरला एकदा भेटून सांग, मग दोन प्रती काढ, एक ऑफिसात दे आणि दुसरीवर तारखेसकट 'रिसीव्ड' चा शिक्का घे, तेच पत्र ईमेलनेही पाठव. दोघं मिळून जा. दहा दिवसांत काहीच हललं नाही तर शाळेच्या मॅनेजमेंटला, त्यापुढे जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याला किंवा राज्याच्या बाल आयोगाला त्याच कागदाची प्रत जाते, म्हणून तो शिक्का. 1098 ही मुलांची हेल्पलाइनही आहे. शाळा सुधारली की नाही हे मॅडमच्या बोलण्यावरून ठरवू नकोस, सकाळी पोट दुखत असेल तर ते थांबलं का, डबा खाऊन येते का, हात झाकायला पूर्ण बाह्यांचा हट्ट धरत असेल तर तो सुटला का ते बघ. तसं नसेल किंवा ती परत घासताना दिसली तर मुलांच्या काउन्सेलरकडे ने, वाट बघू नकोस.

आणि आता रविवारचं पीठ. तुझ्या पत्रात ते तू सहज लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त तेच टोचलं, कारण वज्रीची कल्पना पोरीला बसमधून नाही आली गं. 'घासलं की जातं' हे तिला घरात दर आठवड्याला शिकवलं जातंय. आजीला वाईट वाटेल असं बोलू नकोस, त्या माऊलीने त्यांच्या लहानपणी हेच सोसलं असेल. पण त्यांना आणि लेकीला एकत्र बसवून सांग की रंग देणाऱ्या पेशी वरच्या कातडीच्या तळाशी असतात, गोऱ्यांत आणि काळ्यांत त्यांची संख्या साधारण सारखीच, फक्त त्या मेलॅनिन कमी-जास्त करतात. घासून निघते ती वरची मेलेली कातडी, खालून येणारी त्याच रंगाची असते, उलट सारखं घासून आग झाली तर तिथे डाग अजून गडद पडतो. डाळीचं पीठ दिवाळीच्या अभ्यंगाला सगळ्यांना लावा, बापालाही. दर रविवारी फक्त तिला नको. त्या वेळात आजीने तिला तेल लावून वेणी घालून द्यावी, आणि 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील' ऐवजी 'ऊन लागेल, टोपी घाल' म्हणावं. हे या रविवारपासूनच कर, पत्राच्या आधी.

– तुझी मावशी