नवं यंत्र आलं की कौशल्य जातंच का?

प्रश्न: यंत्र आलं की कामगाराचं कौशल्य जातंच ना? मग युनियन करार करून काय वाचवणार?

उत्तर: नेहमी जात नाही. अमेरिकन मार्क्सवादी अभ्यासक हॅरी ब्रेव्हरमनने 1974 मध्ये मांडलं की कामाचा विचार व्यवस्थापन आपल्याकडे ओढून घेतं आणि कामगाराकडे फक्त हात उरतात. माझ्या मते त्यात युनियनची ताकद फार कमी धरली आहे.

सूतगिरणीचंच बघा. इंग्लंडमध्ये रिचर्ड रॉबर्ट्सचं आपोआप चालणारं म्यूल यंत्र 1830 च्या सुमारास आलं, ते सूत कातणाऱ्या संपकरी कामगारांना हटवण्यासाठीच. तरी सूत कातणारे टिकले. हाताखालची पोरं तेच सांभाळत, आणि युनियनने यंत्राचा वेग व सुताची लांबी धरून मजुरीचे दरपत्रक मालकांशी ठरवून घेतले. आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मात्र 1880 च्या दशकातच रिंग फ्रेम आल्या. त्यात ओढणं, पीळ देणं, गुंडाळणं एकाच वेळी होतं. माणसाकडे मुख्यतः तुटलेला धागा सांधणं आणि बॉबिन बदलणं उरतं. तेव्हा इथे करार करायला युनियनच नव्हती.

आज हिंगणा एमआयडीसीतल्या, संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर एक गोष्ट तपासा: प्रोग्राम बदलायची किल्ली कोणाकडे? ऑपरेटर फक्त जॉब लावतो-काढतो, की ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातला फरकही दुरुस्त करतो? मागणीपत्रात बहुतेकदा नुसती पगारवाढ असते. त्यात प्रोग्रामिंगचं प्रशिक्षण आणि ऑपरेटरची ग्रेडही लिहून घ्या, आणि तेही मशीन बसायच्या आधी. नंतर मालकाला तुमची तेवढी गरज उरत नाही.