बरोबर, बेरीज आणि ‘सरासरी’

“१ − १ + १ − १ + १ … असे न थांबता करत गेले, तर बेरीज अर्धा येते, असे बारावीतल्या मुलाने सांगितले. पूर्णांकच मिळवायचे आणि पूर्णांकच वजा करायचे, मग अर्धा येतो कुठून? आणि याला मराठीत ‘बेरीज’च म्हणायचे, की दुसरा शब्द आहे?” – करवीर तालुक्यातील एक वाचक

नुसती ‘बेरीज’ म्हणू नये. ‘सरासरी बेरीज’ किंवा, ज्याने तिची व्याख्या रूढ केली त्या गणितज्ञाच्या नावाने, ‘चेझारो बेरीज’ म्हणावे. मात्र ‘सरासरी’ हा शब्द इथे सुचवताना मला आधी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. लग्नाला ‘सरासरी पाचशे माणसे’ आली होती, असे आमच्याकडे शिकलेली माणसेही सर्रास म्हणतात. लग्न एक, माणसे एकदाच मोजायची, तर सरासरी कशाची काढली? त्यांना ‘अंदाजे’ म्हणायचे असते. सरासरी हा अंदाज नव्हे. ती काटेकोर क्रिया आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या क्रियेतच आहे.

शब्द फारसी आहे. ‘सर’ म्हणजे डोके, म्हणून टोक. ‘सरासर’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ‘सरासर लबाडी’ म्हणजे आदिपासून अंतापर्यंत लबाडी. एकच शब्द दोनदा घेऊन मध्ये ‘आ’ घालण्याचा हा साचा फारसीत नेहमीचा आहे. ‘लब’ म्हणजे ओठ, म्हणून ‘लबालब’ म्हणजे ओठाला ओठ लागेल इतके, काठोकाठ. आणि ‘बर’ म्हणजे छाती, म्हणून ‘बराबर’, आपले ‘बरोबर’, म्हणजे छातीला छाती लावून उभे असलेले, तुल्यबळ. गणितात आपण ज्याला बरोबरीचे चिन्ह म्हणतो, त्याच्या दोन्ही बाजू अशा समोरासमोर उभ्या असतात, ही गोष्ट मला कितीही वेळा आठवली तरी आनंद देते. ‘सरासरी’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘सृ’ धातूपासून, म्हणजे सरकण्यापासून, लावणारे पंडित मला भेटले आहेत. त्यांनी ‘लबालब’ आणि ‘बरोबर’ यांचे धातूही दाखवावेत, मग पुढे बोलू. पाठ्यपुस्तकांनी सरासरीसाठी ‘मध्य’ हा शब्द घेतला, तोही मला पटत नाही. मध्य म्हटल्यावर माणूस मधोमध उभा राहतो, आणि सरासरी मधोमध असलीच पाहिजे असे मुळीच नाही. संस्कृतच हवे असेल, तर भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेला ‘सममिती’ हा शब्द होता. खड्ड्याची रुंदी जागोजागी वेगळी असेल, तर ती अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि ठिकाणांच्या संख्येने भागावी, म्हणजे सममिती मिळते, असे ते सांगतात. दुर्दैवाने आता त्या शब्दाला दुसरेच काम लावले गेले आहे.

माझे मत असे, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे पसरून धरणे, हाच ‘सरासरी’चा गाभा आहे. आपल्या श्रेढीत, म्हणजे १ − १ + १ − १ … या पदांच्या रांगेत, नेमके हेच करायचे असते.

हे पाणीपाळीवरून पाहू. दोन भाऊबंदांची एक सामाईक विहीर आहे आणि मोटारीची किल्ली एक दिवस थोरल्याकडे, एक दिवस धाकट्याकडे असते. थोरल्याच्या बाजूने हिशेब लिहा. पहिल्या दिवशी किल्ली आली, +१. दुसऱ्या दिवशी दिली, −१. तिसऱ्या दिवशी आली, +१. ही झाली आपली श्रेढी. प्रत्येक दिवसाअखेर ‘आतापर्यंतची बेरीज’ काढली, म्हणजे गणितातली आंशिक बेरीज काढली, तर ती १, ०, १, ०, १, ० अशी येते, आणि तिचा अर्थ सरळ आहे: त्या रात्री किल्ली घरात आहे किंवा नाही. अर्धी किल्ली कोणत्याही रात्री कोणाच्याही घरात नसते. ज्या अर्थाने गणितात अनंत श्रेढीची बेरीज सांगतात, त्या अर्थाने आंशिक बेरजा एखाद्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहिल्या पाहिजेत. या राहत नाहीत, म्हणून श्रेढी अपसारी आहे आणि तिला बेरीज नाही. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२१ साली हे स्वच्छ लिहून ठेवले.

पण त्याच थोरल्याला विहिरीतला हिस्सा विचारा. तो क्षणाचाही विचार न करता ‘आठ आणे’ म्हणेल. हा अर्धा कोणत्याही एका रात्रीचा नाही. सगळ्या रात्रींवर सारखा पसरलेला आहे. पहिल्या रात्रीपासून प्रत्येक रात्रीपर्यंतची सरासरी मांडली, तर १, १/२, २/३, १/२, ३/५, १/२, ४/७ … अशी येते. सम दिवशी ती नेमकी अर्धा असते. विषम दिवशी किंचित जास्त असते, पण ते जास्त आटत जाते: ३६५ व्या दिवशी सरासरी १८३/३६५ असते, म्हणजे अर्ध्यापेक्षा फक्त १/७३० ने जास्त. सरासऱ्यांची सीमा अर्धा आहे, आणि तुमच्या मुलाने सांगितलेला अर्धा हाच.

योगायोग असा, की या श्रेढीला जे नाव चिकटले आहे त्या ग्विदो ग्रांदीनेही असाच दाखला दिला होता. हा पिसा येथील धर्मगुरू आणि गणिताचा प्राध्यापक. १७०३ साली त्याने ही श्रेढी मांडली. कंस एका तऱ्हेने घातले तर शून्य येते, १/(१ + क्ष) या सूत्रात क्ष = १ ठेवले तर अर्धा येतो, तेव्हा शून्यातून सृष्टी निर्माण होणे अशक्य नाही, इथपर्यंत त्याची मजल गेली. पुढे त्याने समजावण्यासाठी गोष्ट रचली, ती दोन भावांची: वडिलांनी एक अनमोल रत्न मागे ठेवले, आणि ते आलटून पालटून एकेक वर्ष एकेकाकडे राहायचे, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा निम्मा. लाइबनिट्सने वेगळा मार्ग घेतला. १ आणि ० या दोन्ही आंशिक बेरजा सारख्याच संभवनीय आहेत, म्हणून त्यांचा मध्यम घ्यावा, असे त्याने लिहिले. उत्तर योग्य आले. पण सरासरी का घ्यावी, आणि कशाची, हे दोघांनीही पक्के केले नाही.

ते पक्के न केल्याने काय बिघडते, हे काले नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवले, आणि सगळ्या चर्चेत मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. (१ + क्ष) ला (१ + क्ष + क्ष²) ने भागले, तर १ − क्ष² + क्ष³ − क्ष⁵ + क्ष⁶ − … अशी श्रेढी मिळते. क्ष = १ ठेवा. उजवीकडे पुन्हा १ − १ + १ − १ … दिसते, डावीकडे मात्र २/३ येतात. मग बेरीज अर्धा, की दोन तृतीयांश? लाग्रांज याने दिलेले उत्तर असे, की तुम्ही शून्ये गिळलीत. भागाकारात क्ष चे पद नाही, क्ष⁴ चे नाही. त्यांच्या जागी शून्य लिहा. खरी श्रेढी १ + ० − १ + १ + ० − १ … अशी आहे.

आता विहिरीकडे परत या. पहिल्या दिवशी किल्ली आली. दुसऱ्या दिवशी काही देवघेव झाली नाही, किल्ली घरातच राहिली. तिसऱ्या दिवशी दिली. रात्रींचा हिशेब १, १, ०, १, १, ० असा होतो. तीन रात्रींपैकी दोन रात्री किल्ली थोरल्याकडे, म्हणून हिस्सा आठ आणे राहिला नाही. तो दहा आणे आठ पै झाला. येणे-जाणे तेच आणि त्याच क्रमाने, फक्त मधला एक रिकामा दिवस वाढला, आणि उत्तर बदलले. साध्या बेरजेत शून्य मिळवल्याने कधीही फरक पडत नाही. इथे पडतो, कारण रिकाम्या दिवसालाही एक रात्र असते आणि सरासरी त्या रात्रीलाही मोजते. म्हणूनच मी म्हणतो, की ही ‘बेरीज’ नव्हे. ज्या क्रियेत शून्याचे स्थान बदलल्याने उत्तर बदलते तिला विशेषण न लावता बेरीज म्हणणे म्हणजे शब्दाशी दांडगाई आहे. कंसांचेही तसेच: (१ − १) + (१ − १) + … असे कंस घातले की श्रेढी ० + ० + … होते आणि तिची सरासरी शून्य येते. कंस घालण्याची मुभा अभिसारी, म्हणजे साधी बेरीज असलेल्या, श्रेढीला आहे, हिला नाही.

एवढे असूनही ‘बेरीज’ हा शब्द मी सगळाच का काढून टाकत नाही, असे आपण विचाराल. कारण ज्या श्रेढीला साधी बेरीज आहे, तिथे सरासरीही तेच उत्तर देते. १/२ + १/४ + १/८ + … च्या आंशिक बेरजा १ कडे जातात. त्यांची सरासरीही १ कडेच जाते, फक्त जरा रेंगाळत, कारण सुरुवातीच्या लहान बेरजांचे ओझे तिच्यावर बराच काळ राहते. जुना अर्थ न मोडता नवा अर्थ त्याच्या पुढे नेला, म्हणून आडनावासारखा जुना शब्द ठेवायला हरकत नाही. फ्रोबेनियसने १८८० मध्ये या सरासऱ्यांचा संबंध जुन्या सूत्रपद्धतीशी जोडला आणि १८९० मध्ये एर्नेस्तो चेझारो याने श्रेढींच्या गुणाकाराचा विचार करताना त्यांना व्याख्येचे रूप दिले. (नाव इटालियन आहे. ‘सेसारो’ वाचून मला त्रास होतो, पण तो वाद इथे नको.)

सरासरीलाही मर्यादा आहे. १ − २ + ३ − ४ + … घ्या. आंशिक बेरजा १, −१, २, −२, ३, −३ अशा फुगत जातात. त्यांच्या सरासऱ्या १, ०, २/३, ०, ३/५, ० अशा येतात: सम ठिकाणी शून्य, विषम ठिकाणी अर्ध्याकडे झुकणाऱ्या. त्या स्थिरावत नाहीत. होल्डर याने १८८२ मध्ये सुचवले त्याप्रमाणे या सरासऱ्यांचीच पुन्हा सरासरी काढली, तर अर्धा आणि शून्य यांच्या मध्ये, चार आण्यांवर ती येऊन थांबते. अशा उत्तराला ‘दुहेरी सरासरीची बेरीज’ म्हणावे, आणि किती वेळा सरासरी काढली हे सांगितल्याशिवाय उत्तर सांगू नये.

१ + २ + ३ + ४ + … ची बेरीज ‘उणे एक बारांश’ असा निरोप फिरवणाऱ्यांनी मात्र सरासरीचे नाव घेऊ नये. तिथे आंशिक बेरजा १, ३, ६, १० अशा एकाच दिशेने चढतात. त्यांची सरासरी चढते, सरासरीची सरासरीही चढते, कितीही वेळा काढली तरी ती खाली येत नाही. ती संख्या वेगळ्याच क्रियेतून निघते आणि त्या क्रियेचे नाव न घेता मध्ये ‘बरोबर’ लिहिणे म्हणजे छातीला छाती लावायला समोर कोणी नसताना छाती पुढे काढून उभे राहणे आहे.

मुलाने वहीत काय लिहावे, हे राहिले. ‘ही श्रेढी अपसारी आहे, तिची चेझारो बेरीज १/२ आहे’, इतके लिहावे, आणि बरोबरीचे चिन्ह श्रेढीच्या लगेच पुढे न ठेवता ‘चेझारो बेरीज’ या शब्दांच्या पुढे ठेवावे.