घरमालकाला विचारायचं कसं?

*"आम्ही इंदिरानगरला भाड्याने राहतो. पुढच्या महिन्यात मुलाचा पहिला वाढदिवस आहे, त्याच दिवशी सत्यनारायणही घालायचा आहे. वीस-पंचवीस माणसं येतील. मालकांना फोन करायचं ठरवतो आणि छातीत धडधडायला लागतं. नाही म्हणाले तर? शेजाऱ्यांनी तक्रार केली तर? न विचारताच उरकून टाकावं का?"*

न विचारता उरकू नका. पंचवीस माणसं जिना चढून आली की गोष्ट लपत नाही. मग मालकांना ती सेक्रेटरींच्या फोनवरून कळते, आणि तुमच्याकडून कळण्यापेक्षा ते फार वाईट.

पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. माहेर-सासर खानदेशातलं, नवरा अंबडच्या कारखान्यात, मुलगी वर्षाची होणार होती. समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार झोपेची होती. रात्री मालकांसाठी मेसेज लिहायचा आणि पुसून टाकायचा, असं बरेच दिवस चाललं होतं. मेसेज पुसला की जरा हायसं वाटायचं. भीती वाढवतं ते हेच हायसं वाटणं. टाळल्यावर सुटका झाली की मन पुढच्या वेळीही टाळायलाच सांगतं, आणि एक साधा मेसेज दिवसेंदिवस जड होत जातो.

त्यांचं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. पाण्यावरून घरमालकीण आईला सगळ्यांसमोर बोलायची, ते त्यांच्या मनात राहिलं होतं. आताचे मालक पुण्यात राहणारे सभ्य निवृत्त गृहस्थ. पण फोन हातात घेतला की ताईंना जुन्या मालकिणीचाच आवाज ऐकू यायचा.

आम्ही आधी भीतीचे भाग पाडले. त्यांच्या डोक्यात 'परवानगी' हे एकच मोठं गाठोडं होतं. खरं तर घराच्या आतल्या गोष्टी मालकांना विचारायच्या. गच्ची, पार्किंग, लॉबी सोसायटीची असते, तिथे काही करायचं तर सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्यायचा. मालक हो म्हणाले तरी गच्ची ते देऊ शकत नाहीत. आणि शेजाऱ्यांची परवानगी घ्यायची नसते, त्यांना आधी कळवायचं असतं. ताईंना गच्ची नकोच होती, त्यामुळे एक भाग तिथेच संपला.

मग करार वाचला. ११ महिन्यांचा नेहमीचाच लिव्ह अँड लायसन्स करार. वापर फक्त राहण्यासाठी, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, भिंतींना इजा नको. पाहुणे किंवा पूजा याबद्दल त्यात काहीच नव्हतं. घरातली पूजा राहण्यातच येते, म्हणजे आपण काही गैर मागत नाही, हे त्यांनी कागदावर स्वतः वाचलं तेव्हा त्यांचा आवाज बदललेला मला जाणवला. तुमचाही करार आजच काढून वाचा.

त्यांचा पुसलेला मेसेज असा होता: "काका सॉरी, त्रास देतेय, छोटासा कार्यक्रम करायचा होता, चालेल का? नसेल चालत तर राहू द्या, काही हरकत नाही." यात नकार आपणच मालकांच्या हातात देतो. शिवाय 'छोटासा' म्हणजे किती, हे त्यांना कळत नाही. मालकांना काळजी असते ती भिंतीला खिळे ठोकतील का, धुराने छत काळं पडेल का आणि सोसायटीचा फोन येईल का, याची. मेसेजने या काळज्यांना उत्तर द्यायला हवं. मी मालक झाले, त्या बोलल्या. आडवेतिडवे प्रश्न विचारून झाल्यावर मेसेज असा तयार झाला:

"नमस्कार काका. रविवारी मुलीचा पहिला वाढदिवस आहे. सकाळी अकरा वाजता सत्यनारायण, नंतर जेवण. वीस-बावीस माणसं असतील, सगळे घरचेच. स्पीकर लावणार नाही, भिंतीला काही ठोकणार नाही. वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. गाड्या सोसायटीत लावणार नाही. तुमची काही अट असेल तर सांगा, म्हणजे गुरुजींना कळवते."

"कुणालाच काही त्रास होणार नाही" हे वाक्य त्यांना घालायचं होतं, ते मी काढायला लावलं. कुणाला कशाचा त्रास होईल हे आपल्या हातात नाही. स्पीकर न लावणं आपल्या हातात आहे. वचन तेवढ्याचंच द्यावं.

मालकांचं उत्तर आलं: पूजा करा, पण होम नको, आधीच्या भाडेकरूंच्या वेळी छत काळं झालं होतं. ताईंना हा नकारच वाटला, रडू आलं. अट म्हणजे नकार नव्हे, हे समजायला त्यांना वेळ लागला. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, सत्यनारायणाला होम लागतोच असं नाही. चौरंग, केळीचे खुंट, कथा, आरती, सव्वाच्या मापाचा शिरा, सगळं होमाशिवाय झालं.

शेजाऱ्यांना कळवायला त्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकून मोकळ्या होणार होत्या. पण ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी असतो, म्हणून कुणीच तो आपल्यासाठी मानत नाही. ज्यांच्या कानावर आवाज जाणार त्यांची दारं वाजवायची. पहिलं दार सगळ्यांत सोपं निवडायचं, ते समोरच्या काकूंचं. खालचं घर मात्र चुकवायचं नाही, कारण पोरांची धावपळ आणि खुर्च्या सरकवणं खालच्यांनाच ऐकू येतं. तिथे कळलं की घरातले दादा सातपूरला रात्रपाळी करतात आणि दुपारी चारपर्यंत झोपतात. सकाळी अकराची पूजा म्हणजे त्यांच्या ऐन झोपेत. अजून आठवडा हातात होता, गुरुजींनी संध्याकाळी पाचची वेळ दिली. आदल्या रात्री सांगितलं असतं तर ती नुसती सूचना ठरली असती, बदलायला जागाच उरली नसती. वेळ बदलल्याचं ताईंनी मालकांनाही कळवलं, कारण त्यांना सांगितलेली वेळ आता खोटी झाली होती. नऊपर्यंत आटोपतं घेऊ, हेही त्यात लिहिलं. ध्वनिक्षेपकांवरची बंदी रात्री दहाला सुरू होते, पण आपल्या कार्यक्रमाला कायद्याच्या कडेपर्यंत ताणू नये, असं माझं मत आहे.

त्या दिवशी चपला जिन्यात न ठेवता आत घेतल्या. कुणाला काही वाटलं तर थेट फोन करता यावा म्हणून तिन्ही घरी स्वतःचा नंबर दिलेला होता. दुसऱ्या दिवशी मालकांना दोन ओळी पाठवल्या: कार्यक्रम वेळेत झाला, भिंती-छत जसंच्या तसं आहे, सोबत फोटो.

तुमचे मालक नाही म्हणाले, तर नेमकं कशाला नाही, ते विचारा. बहुतेक वेळा ते संख्येला किंवा वेळेला असतं. मग घरच्या चौघांत पूजा आणि केक बाहेर हॉलमध्ये, असं वेगळं करता येतं. नकारामागे तुमची जात किंवा धर्म असल्याचं दिसलं, तर तो तुमच्या बोलण्यातला दोष मानून मनाला लावून घेऊ नका. आणि मालकच काय, साहेब, शिक्षक, डॉक्टर, कुणालाही फोन करताना अशीच धडधड होत असेल, झोप उडत असेल, तर ते या पूजेपुरतं नाही. त्यासाठी समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा.

सध्या तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि संपण्याची वेळ एका कागदावर लिहा. तारखेला निदान दहा दिवस बाकी असताना मालकांना मेसेज जाऊ द्या, आणि त्यांचं उत्तर आलं की दुसऱ्याच दिवशी खालच्या घराची बेल वाजवा.