शाळेच्या कंपाउंडवरील चित्र: तीन स्केचेसमधून एक निवडताना

«आमच्या शाळेची रस्त्याकडची भिंत 60 फूट लांब आणि 5 फूट उंच आहे, रस्ता तिच्यापासून साधारण 25 फुटांवर आहे. तीन स्केचेस आली आहेत: राजहंसगडासमोर शिवराय व मावळे, मलप्रभेचा प्रवास, आणि भीमगडच्या जंगलातील प्राणी. कागदावर तिन्ही सुंदर दिसतात. रस्त्यावरून कोणते दिसेल, हे आधी कसे ठरवावे?» — एक शिक्षिका, खानापूर तालुका

तिन्ही स्केचेस आधी एकाच मापाच्या पट्टीवर उतरवून घ्या. एका फुटाला एक सेंटिमीटर धरले, तर आपली भिंत 60 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर उंच अशी कागदी पट्टी होते. ती डोळ्यांपासून 25 सेंटिमीटरवर धरली की रस्त्याच्या कडेला उभे राहून भिंत जशी दिसेल तशी दिसते, आणि 90 सेंटिमीटरवर नेली की 90 फुटांवरून दिसेल तशी. मोठ्या ड्रॉइंग पेपरवरचे चित्र हातात घेऊन केलेली निवड हमखास फसते, कारण त्या अंतरावरून भिंत कुणीच पाहत नाही.

यानंतरची परीक्षा अधिक महत्त्वाची आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीस्वारासमोरून 60 फुटांची भिंत दोन सेकंदांच्या आत मागे पडते. त्यामुळे त्याने चित्र जे काही पाहिलेले असते, ते भिंतीजवळ पोहोचण्यापूर्वी, तिरक्या नजरेने. एखादा आकार 60 फूट पुढे असताना त्याच्याकडे पाहिले, तर सहा फूट रुंदीचा तो आकार जेमतेम सव्वादोन फूट रुंद भासतो. हे पाहण्यासाठी पट्टी टेबलाच्या कडेला उभी चिकटवा, डोळा टेबलाच्या पातळीवर आणा आणि एका टोकाकडून तिच्याकडे पाहा. नंतर दुसऱ्या टोकाकडूनही पाहा, कारण बेळगावकडून येणाऱ्याला आणि बेळगावकडे जाणाऱ्याला वेगवेगळी टोके आधी दिसतात.

आपल्या तीन स्केचेसना ही परीक्षा लावली, तर मावळ्यांचे चित्र पहिल्यांदा गळते. शेजारी शेजारी उभ्या माणसांमधील मोकळी जागा तिरक्या नजरेत मिटते आणि सगळ्यांचा मिळून एकच पुंजका उरतो. शिवाय पाच फुटांच्या भिंतीवर उभ्या माणसाचा चेहरा सात-आठ इंचांचाच होतो. मलप्रभेचा निळा पट्टा मात्र लांबीत दबला तरी पट्टाच राहतो, आणि आडव्या लांब भिंतीला आडवाच विषय शोभतो. प्राण्यांच्या चित्रातील धनेश पक्षी मोठ्या चोचीमुळे लगेच ओळखू येतो, पण हिरव्या पानांतले तांबूस शेकरू दिसत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

«रंग तर एकमेकांपासून अगदी वेगळे निवडले होते, तरी आमच्या भिंतीवरचे चित्र लांबून गढूळ दिसते. चूक कुठे झाली?» — एक पालक, निपाणी

रंग वेगळे होते, पण त्यांचा गडदपणा सारखाच असणार. मध्यम लाल आणि मध्यम हिरवा जवळून कितीही भांडत असले तरी लांबून, विशेषतः संध्याकाळच्या उजेडात, ते एकमेकांत विरतात. ही चूक मी स्वतः केली आहे: हिरव्या शेतात लाल लुगडे नेसलेल्या रोप लावणाऱ्या बायका काढल्या होत्या, आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून पाहिल्यावर नुसते शेत दिसत होते. त्या बायकांच्या मागची खाचरे फिकट पिवळट रंगाने पुन्हा रंगवावी लागली, तेव्हा त्या उठून दिसल्या.

स्केचचा मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहावा. त्यात मुख्य आकार पार्श्वभूमीपासून सुटा दिसला नाही, तर तो भिंतीवरही दिसणार नाही. खानापूरच्या शेकरूमागे गडद पानांऐवजी फिकट आकाश आले, तर ते स्केचसुद्धा उत्तीर्ण होऊ शकते.

«एसडीएमसीच्या सभेत दृश्यता, विषय आणि सोपेपणा यांना दहापैकी गुण देऊन बेरीज करायचे ठरले आहे. ही पद्धत योग्य आहे का?» — एक मुख्याध्यापक, बेळगाव तालुका

बेरीज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विषयाला दहापैकी दहा मिळाले की न दिसणारे चित्रही बेरजेत वर येते, आणि आपल्या भागात विषयाला भावनेपोटी भरभरून गुण मिळतात. दृश्यता आणि सोपेपणा यांना चाळणीसारखे वापरा. ज्या स्केचला यांपैकी एकाही बाबतीत पाचपेक्षा कमी गुण आहेत, ते बाजूला ठेवा किंवा सुधारून मागवा. विषयावरची चर्चा उरलेल्या स्केचेसपुरतीच करा. मावळ्यांचा विषय सोडवत नसेल, तर गर्दी वगळून गडाची एकच मोठी बाह्यरेषा आणि एक घोडेस्वार असे नवे स्केच मागवता येते.

विषय पारखताना मुलांना त्यावर बोट ठेवून काय शिकवता येईल, हे पाहावे. कणकुंबीला उगम, खानापूर, मुनवळ्ळीजवळचे नविलुतीर्थ धरण, पट्टदकल आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत विलीन होणे, एवढे पाच टप्पे 60 फुटांत ऐसपैस बसतात. एक बारकावा मात्र स्केच पक्के करण्यापूर्वी तपासावा. मलप्रभा पूर्वेकडे वाहते. भिंत रस्त्याच्या दक्षिणेला असेल, तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला पूर्व येते. म्हणजे खऱ्या दिशेनुसार नदी उजवीकडून डावीकडे वाहायला हवी, तर नकाशानुसार डावीकडून उजवीकडे. मी नकाशाची बाजू घेतो, कारण वर्गातल्या नकाशाशी चित्र जुळले नाही तर लहान मुले गोंधळतात.

«रंगवणारे आम्ही वीस जण, त्यांत बारा मुले, चित्रकला येणारा एकच. स्केच झेपेल की नाही, हे कसे ओळखावे?» — युवक मंडळाचे सदस्य, येळ्ळूर

स्केचमध्ये किती कडा केवळ त्या एकाच्याच हातून नीट उतरतील, त्या मोजा. चेहरे, बोटे, घोड्याचे पाय आणि एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणाऱ्या छटा त्याच्याच वाट्याला येतात, आणि तेवढ्या वेळात बाकीचे एकोणीस जण उभे राहतात. सपाट रंगाचे, तळहाताहून मोठे, बाह्यरेषेने बांधलेले तुकडे असतील, तर चित्रकाराने रेषा काढून प्रत्येक तुकड्यात खडूने रंगाचा क्रमांक लिहायचा आणि इतरांनी तो भरायचा. रंग सहा-सातच ठेवावेत आणि प्रत्येक रंग कामापुरता एकदम कालवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी कालवलेला निळा पहिल्याशी जुळत नाही.

स्केच मोठे करण्यासाठी गवंड्याची दोरी गेरूत बुडवून भिंतीवर एकेक फुटाचे चौकोन मारावेत आणि स्केचवर एकेक सेंटिमीटरचे. लहान मुलांच्या हाताला सहज पोहोचेल एवढ्या, साधारण साडेतीन फुटांपर्यंतच्या पट्ट्यात मोठे तुकडे यावेत, अशी स्केचचीच रचना असावी. स्टुलावरचे काम मोठ्यांनी करावे. शंका असेल, तर स्केचमधला सर्वांत अवघड दोन फुटांचा तुकडा जुन्या पुठ्ठ्यावर दोन नवख्यांकडून रंगवून घ्या. कडा चित्रकाराला पुन्हा ओढाव्या लागल्या, तर ते स्केच सोपे करून घ्यायला हवे.

«मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत नावे लिहायची आहेत. अक्षरे केवढी असावीत?» — एक शिक्षक, चिकोडी

दर दहा फुटांना एक इंच, हा फलक रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. 60 फुटांवरून वाचायचे तर सहा इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची धरा, वेलांट्या-उकारांना वेगळी जागा ठेवा. कन्नड अक्षरांच्या गोलाया जाड ब्रशने भरून जातात, म्हणून तिथे बारीक ब्रश आणि मोकळे अंतर हवे. दोन्ही नावे त्या त्या भाषेच्या शिक्षकांकडून खडूच्या अवस्थेतच तपासून घ्यावीत.

«दसऱ्याच्या सुट्टीत काम उरकले तर चालेल का?» — एक माजी विद्यार्थी, नंदगड

आपल्या भागात पावसाचे पाणी मुरलेली भिंत तोवर वाळतेच असे नाही, विशेषतः तिच्या आतल्या बाजूला मातीचा भराव असेल तर. दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद भिंतीच्या खालच्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने लावून एक रात्र ठेवा. सकाळी आतून दव दिसले, तर प्रायमरसुद्धा लावू नका. पुढे त्यावरच्या रंगाला फोड येतात. भिंत कोरडी निघाली तरी खालच्या एका फुटात चित्राचा कोणताही महत्त्वाचा भाग आणू नका. पावसाळ्यात रस्त्याचा तांबडा चिखल तिथवर उडतो, म्हणून तो पट्टा सरळ गेरूच्या रंगाचा ठेवावा आणि दरवर्षी तेवढाच पुन्हा मारून घ्यावा.